तांबं वरवरचं, तरी चित्र झकास

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवर गच्चीवरून गच्चीवर गेलेल्या टीव्ही-केबलींचा टाकून दिलेला एखादा तुकडा हाती लागला, तर मधली तार सोला आणि चुंबक लावा. तांबूस दिसणारी ती तार बऱ्याचदा टचकन चिकटते! आत पोलाद, वर तांब्याचा सुमारे ३० मायक्रॉनचा मुलामा. फसवणूक? टीव्हीच्या सिग्नलला विचाराल तर मुळीच नाही.

उलटसुलट वाहणारा प्रवाह तारेभोवती सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. त्यातून तारेच्या आत जे भोवरा-प्रवाह फिरतात, ते मध्यभागी मूळ प्रवाहाला विरोध करतात आणि पृष्ठभागाजवळ त्याला साथ देतात. म्हणून प्रवाह कडेला सरकतो. ज्या खोलीवर तो ३७ टक्क्यांवर येतो, ती त्वचा-खोली. वारंवारता चौपट झाली की ही खोली निम्मी होते.

आकड्यांची गंमत बघा. घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेला तांब्यात ९.३ मिलिमीटर खोली मिळते, आणि ५० मेगाहर्ट्झच्या सिग्नलला ९.३ मायक्रॉन. वारंवारता दहा लाख पट, खोली हजारपट कमी! भाईंदरहून जाणाऱ्या लोकलच्या २५ हजार व्होल्टच्या तारेतही हेच ५० हर्ट्झ असतात. जिला पँटोग्राफ घासतो, ती तार जेमतेम १२ मिलिमीटर जाडीची, म्हणून प्रवाह तिच्या गाभ्यापर्यंत सहज पोचतो.

केबल टीव्हीच्या सिग्नलचं तसं नाही. ३० मायक्रॉन म्हणजे ५० मेगाहर्ट्झला तीनपेक्षा जास्त त्वचा-खोल्या, तिथे उरतो चारेक टक्के प्रवाह. ५०० मेगाहर्ट्झला तर पोलादाची गाठच पडत नाही. वर पोलादामुळे तार मजबूत आणि स्वस्त. हुशारीच म्हणायची.

गडबड होते ती हीच केबल भलत्या कामाला जुंपल्यावर. डिशच्या एलएनबीला वीज याच तारेतून जाते, आणि ती डीसी! डीसीला त्वचा-खोली वगैरे काही नाही, तिला अख्खी तार लागते, आणि ही तार शुद्ध तांब्याच्या साधारण २१ टक्केच वाहक. एक मिलिमीटर जाडीच्या तारेचा रोध ५० मीटरला तांब्यात एक ओहम, इथे पाचेक. एलएनबीने ०.२ अँपिअर ओढले की एक व्होल्ट गायब. १०० मीटरला दोन, आणि बाहेरच्या जाळीतली घट वेगळी. सेटटॉप बॉक्स १३ किंवा १८ व्होल्ट देऊन लहरींची दिशा निवडतो. १८ चे घसरून १५ च्या आसपास आले की एलएनबीचा गोंधळ उडतो आणि निम्मे चॅनल गुल! हे ओळखायचं कसं? १३ व्होल्टवाले चॅनल ठणठणीत चालतात, १८ वालेच रुसतात.

सोसायटीच्या जुन्या ॲनालॉग सीसीटीव्हीचाही सिग्नल काही हर्ट्झपासून काही मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेला असतो. एक मेगाहर्ट्झला तांब्यातली त्वचा-खोली ६६ मायक्रॉन, म्हणजे मुलाम्याच्या दुप्पट. प्रवाह पोलादात शिरतो आणि लांब केबलीवर चित्र फिकट पडतं. तिथे भरीव तांब्याचीच केबल मागा, आणि पैसे देण्याआधी चुंबक लावा.