घडीवर चिरलेल्या साड्या

दिवाळीच्या पाडव्याला बायको ओवाळते आणि नवरा तबकात ओवाळणी घालतो. माझे काका दरवर्षी जरीची रेशमी साडी घालायचे. रंगही स्वतः निवडायचे. परवा कपाट आवरताना त्यांनी एक साडी उलगडली, तर ती घडीवरच चिरली. दुसरीही तशीच. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की तिथले धागे ठिसूळ होतात, जर काळवंडते. म्हणून दर काही महिन्यांनी साडी उघडून, हवा देऊन घडी बदलावी लागते. नेसत्या साडीची घडी आपोआप बदलते. या साड्यांना तर फॉलही लावलेला नव्हता. काका ते बघून खाली बसले.

“तुला आवडल्याच नाहीत?”

“जर टोचते हो मला. पहिल्या पाडव्याला तुम्ही इतके खूश होता, की बोलवलं नाही. मग दरवर्षी सांगणं अवघडच होत गेलं.”

मला फार वाईट वाटतं ते त्या पहिल्या पाडव्याचं. तेव्हा एवढंच वाक्य पुरलं असतं.

“मग काय हवं होतं?” काकांनी विचारलं.

“सुती. घरी धुऊन रोज नेसता येईल अशी.”