गजराची दुसरी चावी

सकाळचे सहा वाजून गेले आहेत. पाचचा गजर लावलेला होता, तो वाजलाच नाही. उशाशी ठेवलेले मनगटी घड्याळ उचलून पाहावे तर टिकटिक चालू, वेळ बरोबर, गजराचा काटा पाचवर, गजराची चावी बाहेर ओढलेली. सगळे जागच्या जागी. मग घड्याळ बिघडले म्हणायचे का? बहुतेक वेळा तसे नसते. चावीवर चालणाऱ्या गजराच्या घड्याळात एकाच डबीत दोन यंत्रे नांदतात आणि गजर चुकतो तो सहसा त्या दोघांचा मेळ चुकल्यामुळे.

हे समजून घ्यायला मॉस्कोच्या कारखान्यातले जुने ‘पोल्योत’ सोयीचे. रशियन भाषेत पोल्योत म्हणजे उड्डाण. त्याचे २६१२ क्रमांकाचे यंत्र स्वित्झर्लंडच्या ए. शिल्ड कंपनीच्या १४७५ क्रमांकाच्या यंत्राच्या धर्तीवर बनवलेले होते. हे स्विस यंत्र कित्येक कंपन्यांनी आपापल्या नावाच्या घड्याळांत बसवले. त्यामुळे डायलवर नाव कोणतेही असो, उजव्या कडेला दोन चाव्या आणि मध्यभागी चौथा काटा दिसला, की आतली रचना याच घराण्यातली असण्याची शक्यता बरीच.

दोन चाव्या म्हणजे दोन स्प्रिंगा. चारच्या आकड्याजवळची खालची चावी रोजच्या ओळखीची. तिने वेळ दाखवणाऱ्या यंत्राची स्प्रिंग गुंडाळायची आणि ती ओढून काटे फिरवायचे. दोनच्या आकड्याजवळची वरची चावी फक्त गजराची. तिची स्प्रिंग वेगळी, त्या स्प्रिंगेची डबी वेगळी आणि तिच्यावर चालणारी इवलीशी हातोडीही वेगळी. खालच्या चावीला कितीही पीळ द्या, वरच्या स्प्रिंगेला त्यातला एक वेढाही मिळत नाही.

गजर लावताना पहिले काम चावी देण्याचे. वरची चावी आत दाबलेली असताना ती पुढच्या दिशेने, म्हणजे घड्याळाचे काटे फिरतात तशी, फिरवायची. बोटांना हळूहळू जडपणा जाणवू लागतो आणि मग ती ठामपणे थांबते. तिथेच आपणही थांबायचे. त्यानंतर चावी बाहेर ओढायची. आता तीच चावी स्प्रिंग सोडून गजराचा काटा फिरवू लागते. हा काटा घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत हव्या त्या वेळेवर आणायचा. त्याचे कारण पुढे येईल. काटा जागेवर आला की चावी तशीच बाहेर राहू द्यायची. बाहेर असलेली चावी म्हणजे गजर चालू, आत दाबलेली म्हणजे बंद. अनेकजण इथेच फसतात. नेहमीच्या घड्याळाची चावी काम झाल्यावर आत दाबायची सवय हाताला असते. त्या सवयीने वरची चावीही आत जाते आणि लावलेला गजर लावल्या क्षणीच बंद होतो. रात्री झोपेत मनगट दुमडून ती दाबली गेली, तरी परिणाम तोच.

गजराचा काटा वाचतानाही जरा सावध राहावे लागते. तो तासकाट्यासारखा वाचायचा असतो. साडेपाचचा गजर हवा असेल तर काटा पाच आणि सहाच्या बरोबर मध्ये. दोन आकड्यांमध्ये मिनिटांचे पाच भाग असतात, म्हणजे या काट्यासाठी एक भाग म्हणजे 12 मिनिटे. डोळ्यांनी काटा अर्ध्या भागाइतका इकडेतिकडे बसला, तर गजर सहा मिनिटे आधी किंवा नंतर वाजणार. तो दोष नव्हे, ती या रचनेची मर्यादा आहे. पाच पंचवीसची गाडी गाठायची असेल, तर गजर पाच-दहा मिनिटे आधीचाच लावावा.

आता आत काय घडते ते पाहू. डायलच्या खाली एकावर एक अशी दोन चाके असतात. एक तासकाट्याबरोबर 12 तासांत एक फेरा पूर्ण करते. दुसरे गजराच्या काट्याला जोडलेले असते आणि आपण फिरवू तेवढेच फिरते. एकावर उंचवटे, दुसऱ्यात खाचा. एक पातळ पट्टी या चाकांना सतत एकमेकांवर दाबून धरते. उंचवटे खाचांसमोर नसतील तोवर चाके अंतर राखून असतात आणि त्या अंतरामुळे हातोडी अडकून पडलेली असते. तासकाटा गजराच्या काट्याशी जुळला, की उंचवटे खाचांत उतरतात, पट्टी किंचित सरकते आणि हातोडी मोकळी होते. मग गजराची स्प्रिंग तिला थरथरवते. घड्याळाच्या मागच्या झाकणाला आतून एक छोटी खुंटी असते. हातोडी त्या खुंटीवर भराभर आपटते आणि सगळे झाकण घुमते. हा आवाज साधारण दहा-बारा सेकंद टिकतो. पहाटेच्या शांततेत तेवढा पुरतो, पण गाढ झोपेतल्या माणसाला मात्र पुरेलच असे नाही.

खाचेची एक बाजू उतरती असते, म्हणून उंचवटा एका दिशेने सहज बाहेर सरकतो. उलट दिशेने नेला तर तो खाचेच्या भिंतीला अडतो. तासकाटा पुढे सरकणे किंवा गजराचा काटा मागे फिरवणे, दोन्ही एकाच सोयीच्या दिशेने जातात. म्हणून गजराचा काटा मागे फिरवायचा आणि गजर चालू असताना घड्याळाची वेळ मागे न्यायची नाही. जोर लावला तर भिंत तरी झिजते किंवा काटा तरी आपल्या जागेवरून घसरतो. पुढे कितीही नीट लावला तरी तो गजर मग रोज तेवढाच चुकीच्या वेळी वाजतो.

या रचनेतून एक मोठी अडचण निघते. तासकाटा दिवसातून दोनदा पाचवर येतो. सकाळचे पाच आणि संध्याकाळचे पाच हा फरक घड्याळाला कळत नाही. समजा, उद्या पहाटे निघायचे आहे. विसरायला नको म्हणून दुपारी चारलाच तुम्ही गजराला चावी दिली, काटा पाचवर नेला, चावी ओढली आणि घड्याळ कपाटात ठेवून बाजारात गेलात. तासाभरात उंचवटे खाचांत उतरले. बंद कपाटात हातोडी दहा-बारा सेकंद आपटली आणि स्प्रिंग सैल झाली. ऐकायला घरात कोणी नव्हते. रात्री घड्याळ उशाशी घेतले तेव्हा काटा पाचवर होता, चावी बाहेर होती, सगळे ठीक दिसले. पहाटे पाचला चाके पुन्हा जुळली, हातोडी मोकळी झाली, पण तिला ढकलायला स्प्रिंगेत जोरच उरलेला नव्हता. सुरुवातीला सांगितलेली सकाळ ती हीच.

म्हणून नियम साधा आहे. वाजण्याच्या वेळेआधी 12 तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल तेव्हाच चावी ओढायची. पहाटे पाचसाठी संध्याकाळी सव्वापाचच्या आधी गजर चालू करायचा नाही, कारण वाजण्याची वेळ थोडी पुढेमागे होते. झोपताना लावला तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

चुकीचे दुसरे घर म्हणजे खालची स्प्रिंग. गजराची वेळ तासकाट्यानेच गाठायची असते. वेळेच्या यंत्राला चावी द्यायची राहिली आणि घड्याळ रात्री तीनला थांबले, तर गजराची स्प्रिंग भरलेली असूनही पाच कधी वाजणारच नाहीत. वेगळ्या रचनेच्या घड्याळांत हीच गफलत उलट दिशेने होते. सेइकोच्या 1966च्या ‘बेलमॅटिक’मध्ये मनगट हलले की आतले वजन फिरते आणि वेळेची स्प्रिंग आपोआप भरते. गजराची स्प्रिंग मात्र हाताने चावी देऊनच भरावी लागते. ऑटोमॅटिक घड्याळ वापरणाऱ्याला चावी द्यायची आठवण राहत नाही आणि गजर मुका राहतो. वल्केन कंपनीच्या 1947च्या ‘क्रिकेट’मध्ये तर दोन्ही स्प्रिंगांना एकच चावी. ती एका दिशेने फिरवली की वेळेची स्प्रिंग भरते, दुसऱ्या दिशेने फिरवली की गजराची. एकाच दिशेने फिरवत राहिलात, तर एक स्प्रिंग रिकामीच. हे क्रिकेट खेळातले नव्हे बरे का. ते इंग्रजीतले रातकिड्याचे नाव आहे. वल्केनने मागे दुहेरी झाकण देऊन बाहेरच्याला भोके पाडली, ती आवाज मनगटाला चिकटून दबू नये म्हणून.

आवाजाची ही गोष्ट पोल्योतलाही लागू आहे. घड्याळ उशीखाली किंवा गादीवर ठेवले तर झाकण कापसाला टेकते आणि घुमत नाही. तेच लाकडी मेजावर किंवा पत्र्याच्या डब्यावर ठेवले, की डबाच वाजू लागतो. दुरुस्तीनंतर आवाज अचानक मेला असेल, तर संशय मागच्या झाकणावर घ्यावा. आतली खुंटी हातोडीसमोरच यायला हवी, म्हणून झाकण ठरलेल्या खाचेतच बसवायचे असते. ते जरा फिरून बसले, तर हातोडी खुंटीला न लागता नुसती थरथरते. कानाला घड्याळ लावले की आत गुणगुण ऐकू येते, बाहेर खणखण नाही. उलट गजराच्या वेळी आत काहीच हालचाल ऐकू आली नाही, तर हातोडी मोकळीच झालेली नाही किंवा स्प्रिंग रिकामी आहे.

या दोन्हींत निवाडा करायला घड्याळजीकडे जायलाही नको. न वाजलेल्या सकाळी काट्यांना हात लावण्याआधी वरची चावी आत दाबा आणि हलकेच फिरवून पाहा. ती सुरुवातीपासून मोकळी फिरत अनेक वेढे घेत असेल, तर स्प्रिंग सैल झालेली आहे. म्हणजे काल तिला चावी दिलीच नव्हती, नाहीतर ती तुमच्या गैरहजेरीत किंवा झोपेत वाजून गेली. फिरवताच ती घट्ट लागली, तर स्प्रिंग भरलेलीच आहे. मग रात्री घड्याळ थांबले होते का आणि सकाळी ती चावी बाहेर होती की आत, एवढेच आठवायचे. दोन्ही ठीक असेल तर आता एक चाचणी. चावी पुन्हा ओढा आणि खालच्या चावीने काटे पुढे पुढे नेत गजराच्या वेळेपर्यंत आणा. गजर वाजला, तर यंत्र ठणठणीत आहे. नाही वाजला, तर आत तेल सुकले असेल किंवा एखादा भाग झिजला असेल, आणि मग ते काम घड्याळजीचेच.

पण चावी मोकळी फिरलीच, तर घड्याळाला दोष देऊ नका. त्याने तुमचे ऐकले होते, फक्त संध्याकाळी पाचला.