दिवाळीनंतरच्या आठवड्याला किती माणसं लागतील?

पुण्यातल्या एखाद्या मोठ्या कंपनीचा आयटी हेल्पडेस्क डोळ्यांसमोर आणा. दिवाळीची सुट्टी संपून सोमवारी सगळे कामावर येतात आणि दहाच्या आत तक्रारींची रीघ लागते. कुणाच्या पासवर्डची मुदत सुट्टीत संपलेली असते, कुणाचा तीन वेळा चुकल्यामुळे लॉक झालेला असतो. आठवडाभर बंद असलेले लॅपटॉप एकदम अपडेट मागायला लागतात, गावाहून काम करणाऱ्यांचं व्हीपीएन जोडलं जात नाही. अशा प्रत्येक तक्रारीचं एक टिकिट बनतं. यातलं काहीच अनपेक्षित नसतं, दरवर्षी हेच होतं. तरीही त्या आठवड्याचं रोस्टर बहुतेक ठिकाणी नेहमीसारखंच लावलेलं असतं आणि डेस्कवर बसलेली मुलं त्याची किंमत मोजतात.

रोस्टर साधारण दोन आठवडे आधी जाहीर करावं लागतं. म्हणजे येणाऱ्या आठवड्यात किती टिकिटं येतील याचा अंदाज त्याहून आधी हाती हवा. त्यासाठीची एक जुनी आणि भरवशाची पद्धत 'हॉल्ट-विंटर्स' या नावाने ओळखली जाते. चार्ल्स हॉल्ट यांनी अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयासाठी 1957 साली एक टिपण लिहिलं आणि 1960 साली पीटर विंटर्स यांनी ती रीत विक्रीच्या अंदाजासाठी वापरून दाखवली. गणित इतकं साधं आहे की ते एक्सेलच्या शीटवर हाताने मांडता येतं.

यात दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात. एक म्हणजे पाया: सणवार, सुट्ट्या, महिनाअखेर असं काहीही नसतं तर आठवड्याला किती टिकिटं आली असती, तो आकडा. दुसरी गोष्ट हंगामी गुणक: अमुक आठवडा पायाच्या किती पट भरतो. समजा आपला पाया 800 आहे आणि दिवाळीनंतरच्या आठवड्याचा गुणक 1.25 आहे. मग अंदाज निघतो 1000 टिकिटांचा. प्रत्यक्षात आली 1100. आता या 1100 मधून हंगाम बाजूला काढायचा, म्हणजे 1.25 ने भागायचं. उत्तर येतं 880. सणाचा भाग वगळूनही हा आठवडा आपल्या 800 च्या पायापेक्षा 80 ने भारी होता, असा त्याचा अर्थ.

मग पाया थेट 880 करायचा का? नाही. एका आठवड्यावर तेवढा विश्वास टाकायचा नसतो. फरकाचा ठरावीक हिस्साच उचलायचा, समजा पाचवा. 80 चा पाचवा हिस्सा 16, म्हणून नवा पाया 816. पुढच्या आठवड्याचा गुणक 0.9 असेल तर त्याचा अंदाज 734. गुणकही असाच हळूहळू दुरुस्त होत जातो, फक्त त्याचा हिस्सा आणखी लहान ठेवतात, कारण त्या विशिष्ट आठवड्याचा पुरावा वर्षातून एकदाच मिळतो. कंपनीत भरती चालू असेल तर पायाला दर आठवड्याच्या वाढीची जोडही देतात, पण ती जपून द्यावी. दोन-तीन महिन्यांची वाढ वर्षभर तशीच चालेल असं धरलं की अंदाज भरकटतो.

आपल्याकडची खरी अडचण पुढेच आहे. ही पद्धत अमेरिकेत घडली आणि तिथला नाताळ दरवर्षी 25 डिसेंबरलाच येतो. म्हणून बरंचसं तयार सॉफ्टवेअर 'वर्षातला अमुक क्रमांकाचा आठवडा' हाच हंगामाचा पत्ता धरतं. दिवाळी मात्र तिथीने येते. लक्ष्मीपूजन 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला होतं, 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला, 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. सुट्टी संपवून परतण्याचा आठवडा त्यामुळे 2023 साली वर्षातला 47 वा होता, पुढच्या वर्षी 45 वा आणि 2025 साली 44 वा. आता 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. भाऊबीज उरकून लोक 16 नोव्हेंबरच्या सोमवारी येतील आणि तो आठवडा पुन्हा 47 वा आहे.

आठवड्याच्या क्रमांकावर चालणारी शीट इथे काय करेल? गेल्या वर्षी 44 व्या आठवड्यात गर्दी होती हे तिला माहीत आहे, म्हणून ती 26 ऑक्टोबर 2026 च्या आठवड्यात जादा माणसं बोलावेल. तेव्हा तर कार्यालयात दिवाळीपूर्वीचं रोजचं काम चालू असेल. उलट 47 व्या आठवड्याला एका वर्षी गर्दी आणि दोन वर्षी साधा भार दिसल्यामुळे त्याचा गुणक पातळ झालेला असेल. वाईट म्हणजे, दिवाळीची उडी तीन वेगवेगळ्या आठवड्यांत विभागली गेल्यामुळे एकाही आठवड्यात ती पूर्ण दिसत नाही, आणि वरवर पाहणाऱ्याला वाटतं की आपल्याकडे हंगाम असा फारसा नाहीच. एक्सेलमधल्या `FORECAST.ETS` या तयार सूत्रालाही पंचांग ठाऊक नसतं.

उपाय सोपा आहे आणि तो केल्याशिवाय पुढचं सगळं गणित व्यर्थ आहे. आठवड्यांना क्रमांकाऐवजी नावं द्यायची: दिवाळीचा आठवडा, दिवाळीनंतरचा पहिला, गणपतीचा, मार्चअखेरचा, नव्या भरतीचा, आणि उरलेले सगळे 'साधे'. मग गुणक 52 राहत नाहीत, दहा-बारा होतात. याचा आणखी एक फायदा होतो. बहुतेक हेल्पडेस्ककडे जेमतेम तीन वर्षांची नोंद असते, म्हणजे 52 गुणकांपैकी प्रत्येक फक्त तीन आकड्यांवर उभा राहतो आणि त्यात योगायोगच जास्त असतो. सगळे साधे आठवडे एका गुणकाखाली घेतले की तो गुणक शंभरावर आकड्यांवर उभा राहतो. शिवाय 2026 सालात मोजणीने 53 आठवडे येतात, तो घोळही आपोआप टळतो.

नोंदी कशा मोजल्या आहेत हेही एकदा तपासावं. टिकिट उघडलं त्या दिवसाने मोजायचं, बंद झालं त्या दिवसाने नव्हे. आठ माणसं जेवढी टिकिटं बंद करू शकतात तेवढीच बंद होतात, त्यामुळे बंद टिकिटांवरून काढलेला अंदाज मागणीचा नसतो, आपल्याच मनुष्यबळाचा असतो. तो दरवर्षी सांगतो की आठच पुरेत. दुसरी बाब मोठ्या बिघाडाची. मेल सर्व्हर दुपारभर बंद पडला आणि त्याच एका कारणाची 400 टिकिटं आली, तर ती एका मुख्य टिकिटाखाली जोडून एकच धरावीत. नाहीतर साध्या आठवड्यातसुद्धा त्या 400 चा पाचवा हिस्सा, म्हणजे 80, पायात शिरतो. पुढच्या आठवड्यात 80 टिकिटांचं नसलेलं काम रोस्टरमध्ये दिसतं, त्याच्या पुढच्यात 64 चं, मग 51 चं. महिना उलटून गेला तरी त्या एका दुपारचं ओझं अंदाजातून उतरत नाही.

आता 1000 टिकिटांची माणसं करू. एका टिकिटाला सरासरी 15 मिनिटं धरली तर 250 तासांचं काम झालं. आठ तासांच्या पाळीतून जेवण, बैठका, प्रशिक्षण वजा जाता टिकिटांसाठी दिवसाला सहा तास उरतात, आठवड्याला 30. तेही पूर्ण भरायचे नसतात. मध्येच येणाऱ्या तातडीच्या कामाला जागा हवी, म्हणून 85 टक्केच धरावेत: साडेपंचवीस तास. 250 ला साडेपंचवीसने भागलं की 9.8, म्हणजे दहा माणसं हजर हवीत. पुढच्या 734 टिकिटांच्या आठवड्याला याच हिशेबाने आठ पुरतात. हे हजर माणसांचे आकडे आहेत. रजा आणि आजारपण त्यावर वेगळं धरायचं.

पण दहा माणसं रोज सारखीच बसवली तर? आठवड्याची टिकिटं सोमवारी 260, मंगळवारी 220, मग 190, 175 आणि शुक्रवारी 155 अशी आली असं समजू. दहा माणसं दिवसाला 204 टिकिटं मार्गी लावतात. सोमवारी 56 शिल्लक राहतात. मंगळवारी नवी 220 आल्यावर शिल्लक 72 होते, बुधवारी 58, गुरुवारी 29, आणि पाटी कोरी होते ती थेट शुक्रवारी. मंगळवारी दुपारी तक्रार नोंदवणाऱ्याला बुधवार उजाडेपर्यंत ताटकळत बसावं लागतं. तेवढीच पन्नास पाळ्या वेगळ्या वाटून पाहा: सोमवार-मंगळवार अकरा, बुधवारी दहा, गुरुवार-शुक्रवार नऊ. आता सोमवारची शिल्लक 36 आणि मंगळवारची 32. सर्वांत मोठा बॅकलॉग 72 वरून 36 वर आला आणि एकही माणूस वाढवावा लागला नाही. प्रशिक्षण आणि बदली सुट्ट्या शुक्रवारकडे सरकवल्या की एवढं जमतं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत मोलाचं पाऊल हेच आहे, आणि तेच सर्वांत जास्त वेळा राहून जातं.

हा हिशेब थांबू शकणाऱ्या टिकिटांचा आहे. फोनवर मदत मागणारा माणूस उद्यापर्यंत थांबत नाही, दोन-तीन मिनिटांत फोन ठेवतो. तिथे दिवसाची बेरीज कामाची नसते, अर्ध्या-अर्ध्या तासाचा भार पाहावा लागतो. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. अर्लांग यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलेली रांगेची सूत्रं त्यासाठी आजही वापरली जातात.

अंदाज चुकणारच, प्रश्न कसा चुकतो याचा आहे. दर शुक्रवारी प्रत्यक्ष आकड्यातून अंदाज वजा करून चिन्हासकट लिहून ठेवावं. कधी अधिक कधी उणे येत असेल तर तो आकड्यांचा स्वाभाविक हेलकावा आहे, त्यासाठी दोन पाळ्यांची राखीव सोय ठेवावी आणि गणिताला हात लावू नये. सलग सहा-सात आठवडे अधिकच येत असेल तर पाया मागे पडला आहे, उचलायचा हिस्सा पाचव्याऐवजी चौथा किंवा तिसरा करून पाहावा. आणि चूक फक्त नाव दिलेल्या आठवड्यांत येत असेल तर पाया ठीक आहे, त्या गुणकाकडे पाहावं. नवी पगारप्रणाली सुरू होणं किंवा सगळ्यांचे लॅपटॉप बदलणं अशा गोष्टी मागच्या नोंदींत नसतात. त्यांची टिकिटं प्रकल्पाच्या माणसांना विचारून हाताने मिळवायची, आणि तो आठवडा सरल्यावर तेवढी वेगळी काढूनच पाया दुरुस्त करायचा.