कॉमेंटचा क्रम आणि कामाचा क्रम

पन्नाशी गाठलेल्या एखाद्या हाउसिंग सोसायटीची स्मरणिका निघते आहे असं समजा. मजकूर गूगल डॉक्समध्ये आहे आणि संपादक मंडळातले पाचजण आपापल्या सवडीने वाचून समासात कॉमेंट टाकत आहेत. आठवड्याभरात समास भरून जातो. छपाईची तारीख जवळ आली की कुणीतरी एकजण पहिल्या कॉमेंटपासून दुरुस्त्या करत खाली जाऊ लागतो. घोटाळा इथेच होतो, कारण कॉमेंट ज्या शब्दांवर टाकली तिथेच असते, पण कामं त्या क्रमाने करायची नसतात.

सोसायटीच्या इतिहासाच्या लेखावरच्या कॉमेंट वरून खाली अशा आहेत : ‘नोंदणी १९७५ची की १९७६ची? बघायला हवं.’ ‘सचिवांचं नाव चुकलंय, फोटोही जुना, आणि हे वाक्य फार लांब.’ ‘लिफ्टचा परिच्छेद काढूया का?’ त्याखाली दुसऱ्याचं उत्तर, ‘नको, राहू दे.’ मग ‘वा, छान!’ पुढे ‘पाणीटंचाईचा किस्सा सुरुवातीला घ्या’, आणि शेवटी ‘सभासद की सदस्य? एकच ठेवा.’

आधी या सगळ्या एका जागी आणाव्यात. File मेनूतून Download करताना Plain Text निवडलं, तर मजकुरात जागोजागी [a], [b] अशी अक्षरं येतात आणि त्या-त्या कॉमेंट फाइलच्या शेवटी ओळीने मिळतात. तिथून त्या वेगळ्या डॉक्युमेंटमध्ये उचलाव्यात. यादी लेखाच्याच फाइलमध्ये ठेवली तर एखाद दिवशी तीही छापखान्यात जाते.

आता प्रत्येक कॉमेंटचं काम करून घ्यायचं. सचिवांवरच्या एका कॉमेंटमध्ये तीन कामं आहेत. ती तीन ओळींत लिहावीत, नाहीतर नाव सुधारल्यावर कॉमेंट बंद होते आणि फोटो जुनाच राहतो. ‘छान’मध्ये काम नाही, ती वगळावी. लिफ्टची कॉमेंट दुरुस्ती सांगत नाही, निर्णय मागते. म्हणून यादीत ‘परिच्छेद काढणे’ न लिहिता ‘ठेवायचा की काढायचा, संपादकांनी ठरवणे’ असं लिहावं. प्रत्येक ओळीत करणाऱ्याचं नाव हवं आणि जागेची खूण म्हणून परिच्छेदाचे पहिले तीन-चार शब्द हवेत. पान क्रमांकावर भिस्त ठेवू नये. वरचा एक परिच्छेद हलला की पुढची पानं सरकतात.

मग क्रम. ज्या कामाला बाहेरच्या माणसाचं उत्तर लागतं, ते सर्वांत आधी मार्गी लावावं. नोंदणीचं वर्ष प्रमाणपत्रावर बघायला जुन्या पदाधिकाऱ्यांना आजच फोन करायचा, दुरुस्ती उत्तर आल्यावर. त्यानंतर रचना : लिफ्टचा निर्णय, किस्सा वर नेणं. मग तपशील : नाव, फोटो, वर्ष. मग वाक्यं. शुद्धलेखन शेवटी, कारण जो परिच्छेद उडणार आहे त्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात अर्थ नाही.

‘सभासद की सदस्य’ ही कॉमेंट एका शब्दावर असली तरी काम अख्ख्या लेखाचं आहे. तीही रचना पक्की झाल्यावरच घ्यावी. शब्द शोधून एकदम बदलण्याचा मोह होतो, पण लेखात १९८०च्या दशकातलं एखादं पत्र जसंच्या तसं दिलं असेल तर त्यातला ‘सभासद’ही बदलून जाईल. म्हणून प्रत्येक जागा बघत बदलावं.

यादी तयार झाली की Ctrl+Shift+9 दाबून प्रत्येक ओळीपुढे चौकोन आणता येतो. मूळ कॉमेंटखाली यादीतले क्रमांक उत्तर म्हणून लिहिले, तर दोन्हींचा मेळ राहतो. सचिवांच्या कॉमेंटखाली तीन क्रमांक येतील आणि तिन्ही चौकोनांत टिक झाल्याशिवाय ती Resolve करायची नाही.

एक गळती मात्र लक्षात ठेवावी. ज्या शब्दांवर कॉमेंट आहे तेच कुणी खोडले, तर ती समासातून नाहीशी होते. कॉमेंटच्या पॅनलमध्ये ती ‘Original content deleted’ अशा शेऱ्यासह सापडते. लिफ्टच्या परिच्छेदाबरोबर त्यातल्या वर्षाबद्दलची शंका गेली तर बिघडत नाही, पण तेच वर्ष मुखपृष्ठावरही असेल तर शंका जिवंतच आहे. म्हणून परिच्छेद काढण्याआधी त्यावरच्या कॉमेंट यादीत उतरल्या का, हे पाहावं.

छापखान्याला देण्यापूर्वी पॅनलमध्ये उघड्या राहिलेल्या कॉमेंट आणि यादीतले रिकामे चौकोन जुळवून बघावेत. PDF काढून तपासण्याचा इथे उपयोग नाही. गूगल डॉक्सच्या PDFमध्ये कॉमेंट येतच नाहीत, त्यामुळे दहा दुरुस्त्या बाकी असलेला लेखही तिथे तितकाच स्वच्छ दिसतो.