‘सर्वांगीण विकास’ म्हणजे नेमके काय?

‘वंचित घटकांचा सर्वांगीण विकास’ हे वाक्य एखाद्या छोट्या संस्थेच्या अहवालातून उचलून शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेच्या अहवालात चिकटवले, तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. असे ध्येयवाक्य पारखायची सोपी रीत म्हणजे संस्थेचे नाव बदलून पाहणे. नाव बदलले तरी वाक्य जसेच्या तसे चालत असेल, तर त्या संस्थेविषयी ते काहीच सांगत नाही. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. वर्षअखेरीस कोणती गोष्ट दिसली, तर हे वाक्य खोटे ठरेल?

या प्रश्नाचे चांगले उत्तर शिक्षणक्षेत्रात सापडते. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने मूल शाळेत आहे एवढ्यावर समाधान मानले नाही. ते नीट शिकते आहे का, हेही विचारले. पण ‘नीट शिकणे’ मोजायचे कसे? 2005 पासूनच्या ‘असर’ सर्वेक्षणात मुलाला घरी गाठून एक कागद वाचायला देतात. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल कुठवर वाचते, हे शेजारी उभ्या असलेल्या आईलाही कळते.

गावात संध्याकाळचा वर्ग चालवणाऱ्या संस्थेलाही हे जमण्यासारखे आहे. समजा, तिसरी ते पाचवीची 60 मुले वर्गात आहेत आणि जूनच्या चाचणीत त्यांतली 18 गोष्ट वाचतात. मग ‘शिक्षणातून सक्षमीकरण’ऐवजी संस्था असे लिहू शकते: ‘या 60 पैकी किमान 40 मुले 31 मार्चपर्यंत दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचतील. चाचणी बाहेरच्या शिक्षिका घेतील आणि निकाल पालकसभेत वाचून दाखवला जाईल.’

इथला 60 चा आकडा सर्वांत जपायला हवा. वर्ग सोडून गेलेली 15 मुले गुपचूप वगळली आणि उरलेल्या 45 पैकी 30 वाचू लागली, तर ‘दोनतृतीयांश मुले वाचतात’ असे मिरवता येते. मूळ 60 धरली तर ती निम्मीच भरतात, आणि सोडून गेलेली मुले बहुधा सर्वांत मागे पडलेली असतात. म्हणून जूनची नावनिशी यादी बदलायची नाही. दरवेळी गोष्टही नवी द्यायची, नाहीतर मुले ती पाठ करून म्हणतात.

घेतलेल्या वर्गांची किंवा वाटलेल्या वह्यांची संख्या इथे कामाची नाही. ते संस्थेने केलेले काम झाले; मुलात काय बदलले, हे त्यातून समजत नाही.

अर्थात, वाचन म्हणजे सगळे शिक्षण नव्हे. मुलाचा धीटपणा किंवा कुतूहल या कागदावर उतरत नाही, आणि ते ओढूनताणून आकड्यात बसवूही नये. मात्र मार्चमध्ये 40 ऐवजी 30 मुलेच वाचू लागली, तर उरलेल्या 30 पैकी कोण अक्षरांवर अडले आहे, कोण शब्दांवर आणि कोण वर्गालाच येत नाही, याची यादी संस्थेच्या हाती असते. पुढच्या जूनमधले गट त्याच यादीवरून पाडता येतात.