केंद्रावर क्षेत्र शून्य, विभव सर्वाधिक

धातूच्या गोळ्याला विद्युतभार दिला की तो सगळा पृष्ठभागावर जाऊन बसतो, आतमध्ये काही उरत नाही. ॲक्रिलिकसारख्या विद्युतरोधक पदार्थाचे तसे नाही. त्याच्यावर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा केला, तर ते आत शिरतात आणि तिथेच अडकून पडतात. अवकाशातील उपग्रहांच्या विद्युतरोधक भागांतही असा भार साचतो आणि तो फार वाढला की आतल्या आत ठिणगी पडते. हा साठलेला भार सगळीकडे सारखा पसरलेला असेलच असे नाही. कुठे दाट, कुठे विरळ अशा भाराचा हिशेब कसा करायचा, हे समजून घ्यायला एक नमुना फार उपयोगी पडतो: केंद्राशी घनता शून्य आणि केंद्रापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढत जाणारी.

समजा, अशा गोळ्याची त्रिज्या 10 सेंटिमीटर आहे आणि त्यात एकूण 10 नॅनोकूलॉम भार आहे.

पहिला प्रश्न: केंद्रापासून 5 सेंटिमीटरपर्यंतच्या भागात यातला किती भार असेल? गोळा कांद्यासारखा पातळ पापुद्र्यांचा बनलेला आहे असे मानू. त्रिज्या दुप्पट झाली की पापुद्र्याचे क्षेत्रफळ चौपट होते आणि इथे त्याची घनताही दुप्पट होते; म्हणजे त्यातला भार आठपट. असे सगळे पापुद्रे जोडत गेल्यावर आतला एकूण भार त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. त्यामुळे निम्म्या त्रिज्येच्या आत फक्त सोळावा हिस्सा, म्हणजे 0.625 नॅनोकूलॉम भार सापडतो. उरलेला जवळजवळ सगळा बाहेरच्या निम्म्या जाडीत असतो. विद्यार्थी नेमके इथे घसरतात. पृष्ठभागावरची घनता घेऊन तिला गोळ्याच्या घनफळाने गुणले, तर उत्तर 13.3 नॅनोकूलॉम येते. ते खऱ्या भाराच्या सव्वापटीहून जास्त आहे, कारण सरासरी घनता पृष्ठभागावरच्या घनतेच्या पाऊणपटच असते.

आता विद्युत क्षेत्र. 5 सेंटिमीटरवरच्या बिंदूला आतला भारच ओढतो किंवा ढकलतो. बाहेरच्या पापुद्र्यांचे चारी बाजूंचे जोर एकमेकांना पुरते छेदून टाकतात. गुरुत्वाकर्षणासाठी ही गोष्ट न्यूटनने 1687 साली ‘प्रिन्सिपिया’त सिद्ध केली होती. विद्युतबलही अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून ती इथेही लागू पडते. 0.625 नॅनोकूलॉम भार जणू केंद्रावर एकवटला आहे असे धरले की क्षेत्र मीटरला 2250 व्होल्ट येते. केंद्रावर ते शून्य असते, आत अंतराच्या वर्गाप्रमाणे चढते आणि पृष्ठभागावर 9000 चे शिखर गाठते. बाहेर पडल्यावर ते अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरू लागते. 20 सेंटिमीटरवर पाहिले तर ते पुन्हा बरोबर 2250!

ही दोन ठिकाणे क्षेत्रावरून ओळखू येणार नाहीत, विभवावरून मात्र लगेच वेगळी पडतात. विभव म्हणजे एकक भार फार दुरून तिथवर आणायला लागणारे कार्य. 20 सेंटिमीटरवर ते 450 व्होल्ट आहे, पृष्ठभागावर 900. तिथून आत जातानाही क्षेत्राविरुद्ध कार्य करावेच लागते, म्हणून विभव वाढतच राहते: 5 सेंटिमीटरवर 1162.5 आणि केंद्रावर 1200 व्होल्ट. आतले सूत्र असे:

V = (kQ/3R) [4 − (r/R)³]

इथली दुसरी चूक अधिक फसवी आहे. क्षेत्रासाठी फक्त आतला भार धरला, म्हणून विभवासाठीही तेवढाच धरला, तर 5 सेंटिमीटरवर जेमतेम 112.5 व्होल्ट हाती येतात. बाहेरच्या पापुद्र्यांचे जोर छेदले जातात हे खरे, पण विभवाला दिशा नसते. त्यामुळे एकाच जातीच्या भारांचे विभव एकमेकांना छेदत नाहीत, त्यांची बेरीज होते. उरलेले 1050 व्होल्ट या बाहेरच्या पापुद्र्यांचेच असतात. चूक पकडायची युक्ती सोपी आहे: भार धन असेल तर केंद्राकडे जाताना विभव कुठेही कमी होता कामा नये.

केंद्रावरचे विभव पृष्ठभागाच्या 4/3 पट आहे. तोच भार गोळाभर सारखा पसरला असता तर ते 3/2 पट झाले असते, आणि सगळा पृष्ठभागावर असता तर दोन्हीकडे सारखेच. वाढत्या घनतेचा गोळा या दोन टोकांच्या मधला आहे.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली आहे: पदार्थ स्वतः काही करत नाही. प्रत्यक्षात विद्युतरोधकातले रेणू क्षेत्रात किंचित ताणले जातात आणि आतले क्षेत्र कमी करतात. पॉलिथिलीनसारख्या पदार्थात ते सुमारे 2.3 पटींनी घटते. तेवढाच भार तशाच रीतीने पसरवला, तर बाहेरचे आकडे जसेच्या तसे राहतात, पृष्ठभागावरचे 900 व्होल्टही. आतली 300 व्होल्टची चढण मात्र सुमारे 130 वर येते. म्हणून अशा गोळ्याच्या केंद्रावर 1200 ऐवजी साधारण 1030 व्होल्ट मिळतील.