सोडून गेला म्हणजे शेअर परत आले का?

“कंपनी सोडून गेला, म्हणजे त्याचा हिस्सा संपला.” जालन्यात ॲप काढायला निघालेल्या तरुणांकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे की आता राग येतो. हे साफ चुकीचं आहे, आणि बहुतेकांना ते कळतं तेव्हा मित्र निघून गेलेला असतो.

समजा, अंबडचे दोन मित्र मोसंबी बागायतदार आणि व्यापारी यांना जोडणारं ॲप काढतात. एक कोड लिहिणार, दुसरा बागांतून आणि बाजार समितीत फिरून माणसं जोडणार. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, १० रुपयांचा एक असे १०,००० शेअर, प्रत्येकाला ५,०००. १४ महिन्यांनी कोड लिहिणाऱ्याला पुण्यात नोकरी लागते आणि तो जातो. राजीनामा दिला, काम संपलं, संचालकपदही संपलं. मालकी मात्र तशीच राहिली. गाव सोडलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव निघत नाही, तसंच हे.

पुढची अडचण मतांची. कंपनी कायदा २०१३ नुसार साध्या ठरावाला निम्म्याहून जास्त मतं लागतात आणि विशेष ठरावाला किमान ७५ टक्के. मागे राहिलेल्याकडे नेमकी निम्मी आहेत. बाहेरच्या गुंतवणूकदाराला नवे शेअर द्यायचे तर विशेष ठराव हवा, म्हणजे पुण्यात बसलेल्या मित्राची संमती हवी. त्याने फोनच उचलला नाही तर कंपनी तिथेच अडते. आणि कोणता गुंतवणूकदार अशा कंपनीत पैसे घालेल, जिचा निम्मा मालक तिथे कामच करत नाही?

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे: हिस्सा कामाच्या काळाबरोबर पिकू द्यायचा. याला व्हेस्टिंग म्हणतात. प्रचलित मुदत चार वर्षं. पहिल्या वर्षाच्या आत गेला तर काहीच पक्कं नाही. वर्ष पुरं झालं की एक चतुर्थांश पक्कं, मग दर महिन्याला अठ्ठेचाळिसावा भाग. आपल्याकडे संस्थापकांच्या नावावर शेअर पहिल्या दिवशीच असतात, म्हणून करार उलटा लिहितात: सोडून जाणाऱ्याने न पिकलेले शेअर ठरलेल्या भावाने, बहुधा दर्शनी किमतीला, उरलेल्या संस्थापकाला विकायचे.

आपल्या उदाहरणात असा करार आधीच झाला होता असं धरा: १४ महिन्यांचे, म्हणजे ५,००० पैकी १,४५८ शेअर पिकले. ३,५४२ परत आले. मागे राहिलेल्याकडे ८,५४२ झाले, म्हणजे ८५ टक्क्यांहून जास्त. आता विशेष ठराव एकट्याच्या बळावर होतो. गेलेल्यालाही त्याच्या कष्टाचा वाटा मिळाला, आणि हे न्याय्यच आहे. त्याच्याकडे १४ टक्क्यांहून थोडे जास्त उरतात. दहा टक्क्यांवरच्या भागधारकाला अन्यायाची तक्रार घेऊन मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जाता येतं, तेव्हा त्याला हिशेब न दाखवण्याची चूक करू नये. आजारपणामुळे किंवा मृत्यूमुळे कोणी गेला तर काय, हे करारात वेगळं लिहा. तो पळून गेलेला नाही. शिवाय शेअर बाजारभावापेक्षा बरेच स्वस्त घेतले तर फरकावर प्राप्तिकर लागू शकतो, हे सीएला आधी विचारा.

हा करार दोघांनी सही करून कपाटात ठेवला की झालं, असंही नाही. शेअर हस्तांतरणावरची बंधनं कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये, नसतील तर ती कंपनीला बांधत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या खटल्यात सांगितलं. नवा कायदा असा करार आपसात मान्य करतो, पण ती तरतूद सार्वजनिक कंपन्यांच्या कलमात आहे, म्हणून दोन्हीकडे लिहिणंच शहाणपणाचं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“कोड कंपनीसाठी लिहिला, म्हणजे तो कंपनीचाच.” तो नोकर म्हणून लिहिला असेल तर सहसा कंपनीचा, कंपनी नोंदवण्याआधी मित्राने लिहिलेला कोड मात्र त्याचाच. हक्क लेखी करारानेच हस्तांतरित होतात, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायदा ती पाच वर्षांचीच धरतो.

“गेल्यावर तसलंच ॲप काढू नये, अशी अट घालू.” करार कायदा १८७२ च्या कलम २७ पुढे ती सहसा टिकत नाही. गुपित माहिती आणि ग्राहकांची यादी न वापरण्याची अट टिकू शकते.

“आमचं तोंडी ठरलंय.” स्नॅपचॅटमधून बाहेर पडलेल्या सहकाऱ्याने दावा केला, आणि त्या कंपनीला तडजोडीसाठी १५ कोटी ७५ लाख डॉलर मोजावे लागले, हे तिच्याच २०१७ च्या शेअर विक्रीच्या कागदपत्रांत आहे.

कंपनी आधीच नोंदवली असेल आणि करार नसेल, तरी दोघं एकत्र काम करत आहेत तोवर तो आजही करता येतो. एकाने नोकरी पकडली की त्याच्या सहीची किंमत तोच ठरवतो.